चारावर दीड

आमच्या ह्यांना खोटं बोलताच येत नाही, असं मी सगळ्या चाळीला छातीठोकपणे सांगत आले होते. भाजीवाल्याने चुकून जास्तीची जुडी टाकली, तर हा माणूस ती परत द्यायला पुन्हा बाजारापर्यंत चालत जायचा. शेजारच्या सुहासिनीचा नवरा दारू पिऊन आला की सांगायचा ओव्हरटाइम होता, आणि मी तिला म्हणायची, बाई गं, नवरा असावा तर आमच्यासारखा. मुखदुर्बळ, पण खरा. देवाने माझं हे बोलणं ऐकून ठेवलं असणार.

ह्यांचं नाव लवू. मूळचे देवगडकडचे, मुंबईत आले ते गिरणीत लागायला. गिरणी संपानंतर सुटली ती सुटलीच, पण त्याच्या आधीपासूनच हे सुट्टीच्या दिवशी एका ठेकेदाराच्या हाताखाली खडीचं काम करायचे. पुढे तोच धंदा झाला. बंगल्याच्या, सोसायटीच्या, कारखान्याच्या गेटापासून आतपर्यंत गाडी जायचा जो रस्ता असतो ना, त्याच्या पोटातली खडी. वरचा काँक्रीटचा थर दुसरे लोक घालायचे आणि नाव त्यांचं व्हायचं. हे म्हणायचे, "वरचं सगळे बघतात. गाडीचं वजन आमचा थर घेतो."

त्यांची कावीळ उशिरा कळली. गेले, तेव्हा मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीचं काम अर्धं होतं. खणून झालं होतं, माती दाबून झाली होती. कडेने खुंट्या ठोकून त्यांना दोरी बांधली होती, खडी कुठवर आणि किती उंच यायची ते कळायला. आणि मग हे घरी येऊन झोपले ते झोपलेच.

तेरावं झालं तशी दिरांनी माझी ट्रंक बाहेर काढली. चांगल्या मनाचे आहेत, वाईट सांगणार नाही. "वयनी, आता हय एकटी रवान काय करतलंस? घरी चल." मी म्हटलं, येते, पण आधी मुलुंडचं काम पुरं करते. ते माझ्याकडे बघतच राहिले. बायामाणसांनी खडीची कामं केल्याचं त्यांनी पाहिलं होतं, पण डोक्यावर घमेली घेऊन. काम करवून घेणारी त्यांना माहीत नव्हती.

मला मोठं काही करून दाखवायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की ह्यांनी जिथे शेवटची खुंटी ठोकली होती तिथपर्यंत खडी पोचावी, आणि ती माझ्या हिशोबाने पोचावी. कारण हिशोब माझाच असायचा. प्रत्येक कामाचा. हे मापं घेऊन यायचे, मी लांबी-रुंदी-जाडीचा गुणाकार करून टन काढून द्यायची, आणि काम झालं की हात धुता धुता हे म्हणायचे, "वने, तंतोतंत. घमेलंभर इकडे नाही की तिकडे नाही." मी मॅट्रिक, हे सातवी. मला त्या 'तंतोतंत'चा केवढा तोरा होता! सुहासिनीला तर मी तोंडावर म्हटलं होतं, मी नसते तर ह्यांची वाट लागली असती.

ते कसं सुरू झालं तेही सांगते. आम्हाला एक मुलगी झाली होती. मीरा. चालायला लागायच्या आतच तापाने गेली. त्यानंतर मी बोलायचीच बंद झाले. ठरवून नव्हे. शब्द तोंडापर्यंत यायचा आणि तिथेच बसायचा. चूल पेटवायची, भात करायची, कपडे धुवायची, पण बोलायची नाही. शेजारणी येऊन रडून जायच्या, सासूबाईंनी गावाहून अंगारा पाठवला, काही झालं नाही. हे रोज समोर बसून जेवायचे आणि भिंतीकडे बघायचे.

मग एका संध्याकाळी हे पाटावर बसले आणि म्हणाले, "माझं डोकं चालत नाही गं. रस्ता तीस मीटर लांब, तीन मीटर रुंद. खडी दाबून झाल्यावर पंधरा सेंटीमीटर भरली पाहिजे. क्रशरवाल्याने आता वजनकाटा बसवलाय, तो ब्रासवर देत नाही, टनावर देतो. ब्रासचे साडेचार टन म्हणतो. किती सांगू त्याला?" मी भाकरी थापत होते. काही बोलले नाही. हे थांबले. मग स्वतःच काहीतरी भलतंच मोठ्याने मोजायला लागले, तीस तिरकं साठ असलं काहीतरी, आणि मला ते ऐकवेना. मी पिठाच्या हाताने परातीत रेघा ओढल्या. तीस गुणिले तीन नव्वद, त्याला पंधरा सेंटीमीटरने गुणलं की साडेतेरा घनमीटर. एक ब्रास म्हणजे पावणेतीन घनमीटरांच्या वर थोडं, त्याचे साडेचार टन, म्हणजे घनमीटरला एक पूर्णांक सहा. साडेतेराला एक पूर्णांक सहाने गुणायचं.

"साडेएकवीस टन," मी म्हटलं. "बावीस सांगा."

मीरा गेल्यानंतरचं ते माझं पहिलं बोलणं. ह्यांनी मान खाली घातली आणि भाकरी खात राहिले. चार दिवसांनी कामावरून आले आणि म्हणाले, "तंतोतंत."

त्यानंतर प्रत्येक कामाची मापं घरी आली.

तर मुलुंडचा रस्ता. चाळीस मीटर लांब, तीन मीटर रुंद, जाडी तीच पंधरा सेंटीमीटर, कारण सोसायटीत पाण्याचा भरलेला टँकर यायचा. अठरा घनमीटर. त्याला एक पूर्णांक सहा, म्हणजे अठ्ठावीस पूर्णांक आठ. मी एकोणतीस टन ठरवले. ह्यांचा मुकादम धाकू, गावचाच, त्याला क्रशरवर पाठवलं. एरवी तिथे हे स्वतः जायचे, दुसऱ्या कुणाला पाठवायचे नाहीत. धाकू सांगून आला, आणि दुसऱ्या दिवशी तीन ट्रक माल आला. मोठ्या खडीपासून भुकटीपर्यंत सगळं मिसळलेला, काळाभोर, दमट. मी पदर खोचून गेटाशी उभी. सोसायटीचे सेक्रेटरी सामंत गॅलरीतून बघत होते. त्यांचं बघणं मला कळत होतं.

काम दोन थरांत करायचं होतं, साडेसात सेंटीमीटरचे दोन. धाकूच्या माणसांनी पहिला थर पसरला. सैल माल चार इंच पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, की तो तीन इंचांवर बसतो. हे मी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते. इतकी वर्षं टन काढले, पण खडी बसते म्हणजे काय होतं ते कधी पाहिलं नव्हतं. रोलर जाऊन आला की माल खाली गेलेला असायचा. मला त्यात गंमत वाटली. त्यात काही विचार करण्यासारखं आहे, असं वाटलं नाही.

दुसरा थर गेटाकडून सुरू केला. रस्त्याच्या मध्याच्याही अलीकडे धाकूने फावडं टेकलं.

"वहिनी, खडी सपली."

"सपली म्हणजे?"

"म्हणजे सपली. तिनय ट्रक खाली झाले."

मी चालत जाऊन बघितलं. दुसरा थर अठरा मीटरच्या जरासा पुढे येऊन थांबला होता. पुढे बाविसेक मीटर नुसता पहिला थर, आणि त्याच्या वर तीन इंच हवेत ह्यांची दोरी. शेवटची खुंटी लांब पार्किंगच्या खांबाशी एकटी उभी होती.

धाकू हळूच म्हणाला, "असा करूया. हो वरचो थर खरवडून पुढे पातळ पसरूया. वर काँक्रीट पडतला. कोणाक दिसता?"

"टँकरला दिसेल," मी म्हटलं. "आणि तुझ्या लवूदादाने असं कधी केलं होतं?"

माझ्या डोक्यात तोवर एकच गोष्ट आली होती. हिशोब माझा, आणि माझा हिशोब कधी चुकलेला नाही. तेव्हा क्रशरवाल्याने काट्यात मारलं. बाई बघून मारलं. नवरा मेलेली बाई, हिला काय कळतंय!

गोणपाट अंथरून मी परत चाललेल्या रिकाम्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले आणि भांडुपच्या डोंगराकडे क्रशरवर गेले. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं मनात मांडलं. मला भांडण चांगलं येतं.

क्रशरवर धुळीत काही दिसत नव्हतं. झाडांची पानंसुद्धा राखाडी. वजनकाट्याच्या केबिनमध्ये शिवदास बसला होता, साताऱ्याकडचा, डोक्याला रुमाल बांधलेला. ह्यांच्या तोंडून त्याचं नाव रोज ऐकायची, मयतालाही आला होता, पण बोलणं कधी झालं नव्हतं. तो उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही? इथं धुळीत कशाला..."

"माझे सात-आठ टन कुठे गेले?" मी दारातूनच सुरू केलं. "मी एकोणतीस मागितले. रस्ता अर्धा झाला नाही. ते गेले म्हणून तुम्ही काट्यावर हात ठेवलात का? इतकी वर्षं त्यांचा हिशोब घमेलंभर चुकला नाही, आणि आज माझ्या वेळेलाच बरा चुकतो!"

मी ज्यातून आले होते तो ट्रक त्याने काट्यावर घेतला, रिकाम्याचं वजन मला दाखवलं. मग भरून पुन्हा घेतला, भरलेल्याचं दाखवलं. सकाळच्या पावत्यांवरचे आकडेही तसेच होते. एकोणतीस टन पुरते आले होते. माझा आवाज खाली आला, पण मी हटले नाही.

"मग खडी कमी कशी पडली?"

शिवदासने डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला.

"वहिनी, लवूभाऊ दरवेळी वर दीड सांगायचे. यावेळी धाकू आला. मी त्याला विचारलं, वर काही? तो म्हणाला, वहिनींनी सांगितले तेवढेच. मला वाटलं तुम्ही वरचे धरूनच सांगितले असतील."

"वर दीड म्हणजे काय?"

"चारावर दीड. दर चार टनांवर दीड टन. इथं यायचे आणि म्हणायचे, 'शिवदास, घरचा आकडा बावीस. चारावर दीड चढव.' मग आम्ही तीस भरायचो."

मला काही कळेना. तो माझ्यासाठी बाहेरून घमेलंभर माल घेऊन आला, आणि मला शिकवत असल्यासारखा हळूहळू सांगायला लागला. एक पूर्णांक सहा हे वजन सैल खडीचं. ट्रकमध्ये ओतलेली, मध्ये पोकळी असलेली. रोलर फिरला की ती पोकळी जाते, बारीक माल मोठ्याच्या फटीत बसतो, आणि तेवढ्याच जागेत दोन पूर्णांक दोन टन मावतात. "तुम्ही मापता रोलर फिरल्यानंतरचं, वहिनी. पंधरा सेंटीमीटर दाबून झाल्यावरचे. आणि वजन धरता रोलरच्या आधीचं. म्हणून चारास साडेपाच लागतात."

मी मनातल्या मनात केलं. एक पूर्णांक सहाला चाराने भागलं, दीडने गुणलं, मिळवलं. दोन पूर्णांक दोन. अठराला दोन पूर्णांक दोन म्हणजे चाळीस टनांना थोडे कमी. चार ट्रक. मी तीन मागवले होते.

म्हणजे पहिल्या दिवसापासून. त्या परातीतल्या हिशोबापासून. एकदाही बरोबर आला नव्हता.

"त्यांना माहीत होतं?"

"पहिल्यापासून. खडी हाताखालून गेलेला माणूस, त्यांना नजरेनं कळायचं."

"मग मला सांगितलं का नाही?" मी ओरडले. केबिनबाहेरचे हमाल वळून बघायला लागले. "मी काय लहान पोर होते? सांगितलं असतं तर मेले असते का मी? इतकी वर्षं 'तंतोतंत, तंतोतंत' म्हणत राहिला हा माणूस, आणि मी मूर्खासारखी गावभर सांगत फिरले! चाळीत सगळ्यांना! तुम्ही सगळे हसत असाल इथे, लवूच्या शहाण्या बायकोला!"

"हसलो होतो," शिवदास म्हणाला. "एकदाच. पहिल्याच वेळी. म्हटलं, लवूभाऊ, वहिनींना नीट आकडा सांगा की, मला रोज चढवायला नको. तर त्यांनी माझा हात धरला. इथंच, ह्या टेबलावर. म्हणाले, 'पोरगी गेल्यापासून ती बोलली नव्हती. काल हा हिशोब करताना पहिल्यांदा बोलली. आता चुकलीस म्हणून कसं सांगू? खडी वर टाकता येते, शिवदास. ती पुन्हा गप्प झाली तर मी काय करू?'"

मी खाली बसले. तिथे स्टूल होतं का पायरी होती ते आठवत नाही.

मला आठवलं, हे मापं कशी सांगायचे. कधीही एकदम नाही. लांबी सांगून थांबायचे, मी विचारावं म्हणून. मग रुंदी. मग मी म्हणायची, अहो, जाडी कोण सांगणार, माझे वडील? आणि हे हसायचे. मला वाटायचं, भोळे आहेत, एका दमात सांगता येत नाही. त्या प्रत्येक आकड्यासाठी हा माणूस मला एकेक वाक्य बोलायला लावत होता. आणि नंतर, मी नीट बोलायला लागल्यावर, भांडायलासुद्धा लागल्यावर, तेव्हा तरी सांगायचं! तेव्हा का नाही सांगितलं? मला तोरा आला होता म्हणून. तो तोरा त्यांना मोडवला नाही. किंवा त्यांना भीती वाटत राहिली असेल, शेवटपर्यंत. हे विचारायला आता माणूस नाही. मला त्यांचा इतका राग आला की समोर असते तर मी त्यांना बडवलं असतं, आणि मग त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले असते.

दोन्हीतलं काही करता येत नव्हतं, म्हणून मी तिथे क्रशरच्या धुळीत बसून रडले. मीराच्या वेळी मी रडले नव्हते. मुलगी, नवरा, सगळंच त्या दिवशी बाहेर आलं. शिवदास दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि येणाऱ्या ट्रकना हाताने थांबवत राहिला.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "वहिनी, राहिलेल्यासाठी किती भरू? मी काढून देतो हवं तर."

"नको," मी म्हटलं. "हिशोब माझा असतो."

मी घमेल्यातल्या भुकटीवर बोटाने लिहिलं. राहिलेली लांबी साडेएकवीस मीटर. रुंदी तीन. जाडी साडेसात सेंटीमीटर. पाचाला थोडे कमी घनमीटर. आता त्याला दोन पूर्णांक दोनने गुणायचं, हे मला कळलं होतं. एका ओळीत उत्तर आलं असतं. माझं बोट तिथे थांबलं.

मी एक पूर्णांक सहाने गुणलं. जसं नेहमी गुणत आले, तसं.

"पावणेआठ येतात," मी म्हटलं. "घरचा आकडा आठ."

शिवदासने पेन उचललं आणि माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. त्याचे डोळे लाल झाले होते, धुळीने म्हणायचं तर म्हणा.

"आणि वर, वहिनी?"

"चारावर दीड," मी म्हटलं. "आठ माझे, तीन त्यांचे."

त्याने अकरा लिहिले.

दुसऱ्या दिवशी माल आला. धाकूने पसरला, पाणी मारलं, रोलर फिरला. पार्किंगच्या खांबाशी शेवटची खुंटी होती, तिथपर्यंत खडी गेली आणि दोरीला लागली. दोन-तीन घमेली उरली. सामंत खाली येऊन बुटाने दाबून बघून गेले. धाकूने खुंट्या उपटायला सुरुवात केली, दोरी हातावर गुंडाळत गुंडाळत. शेवटच्या खुंटीशी तो थांबला, कारण मी तिथे उभी होते.

"वहिनी, ही काढू मां?" त्याने विचारलं. मग माझं तोंड बघून, काहीतरी बरं बोलायचं म्हणून बोलला, "हिशोब अगदी तंतोतंत इलो हां तुमचो."

मला त्याला सांगायचं होतं, हो रे, काढ. शब्द तोंडापर्यंत आला आणि तिथेच बसला. धाकू बराच वेळ वाट बघत उभा होता.